बाराचा ठोका कुणाचा?

पोरी, निपाणीला नांदायला गेल्यापासून तुझा प्रश्न एकच, फक्त माणूस बदलतो. कधी सासूबाईंचा वाढदिवस, कधी नणंदेचा, कधी नवऱ्याच्या साहेबांना दिवाळीच्या शुभेच्छा. "आत्या, रात्री बाराला कळवू, पहाटे कळवू, की दिवस वर आल्यावर?" काय लिहायचं हे तू कधीच विचारत नाहीस, आणि ते बरोबरच आहे. शब्द तुला येतात, गोड येतात. अडतं ते वेळेपाशी. म्हणून आज बसून लिहूनच पाठवते, म्हणजे फोनवर अर्धं ऐकून अर्धं विसरायला नको.

१. रात्री बाराला फक्त त्या माणसाला उठव, ज्याला तू अडचणीतही रात्री बाराला उठवशील — ज्याच्याशी रात्रीचं नातं नाही, त्याच्याशी रात्रीची शुभेच्छाही नको. नवरा, पाठचा भाऊ, जिवाची मैत्रीण, बस्स. बाराचा ठोका सोयऱ्याला नव्हे, सोबत्याला.

२. साठीच्या पुढच्या माणसाच्या घरी रात्री दहानंतर फोन वाजवू नको, कितीही आनंदाचं असो — आपल्याकडे रात्रीचा फोन म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, हे त्या पिढीच्या अंगात भिनलेलं आहे.

या दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण तुमच्या वयाच्या पोरांना हे सांगून पटत नाही. आमच्या काकतीत पोस्टमन तार घेऊन आला की वाचण्याआधीच बायका पदर तोंडाला लावायच्या. खरं म्हणजे तारेनं शुभेच्छाही जायच्या. दिवाळीच्या, लग्नाच्या ठराविक मजकुरांना पोस्टात क्रमांक होते. क्रमांक सांगितला की पूर्ण वाक्य पोचायचं. पण भीती जायची नाही, कारण आनंदाची बातमी पत्रानंही कळवता यायची, गेलेल्याची मात्र तारेनंच. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, ती भीती तेवढी रात्रीच्या फोनवर येऊन बसली. तुझे आजेसासरे झोपेतून उठतात, अंधारात चष्मा चाचपडतात, पाय खाली टाकताना तोल जातो, आणि पलीकडून तू म्हणतेस, "हॅपी बर्थडे!" त्यांचं हसू खरंच असतं, पण त्याआधीचे दहा श्वास भीतीचे गेलेले असतात. धडधडत्या छातीला शुभेच्छा ऐकू येत नाही.

३. बाराला फोन लागला नाही तर लगेच दुसऱ्यांदा लावू नको — बऱ्याच फोनांत रात्री आवाज बंद ठेवला, तरी त्याच माणसानं थोड्या वेळात पुन्हा फोन केला तर तो वाजू द्यायची सोय असते. अँड्रॉइडवर साधारण पंधरा मिनिटांत आणि आयफोनवर तीन मिनिटांत आलेला दुसरा फोन तातडीचा धरला जातो; सोय संकटासाठी केलेली, आणि वाजतो तुझा केक.

४. घरच्या ग्रुपवर बाराला पहिली शुभेच्छा तू टाकू नको, त्या माणसाला एकट्याला टाक — ग्रुपवर एकानं सुरुवात केली की मागोमाग सगळे येतात, आणि ज्या आजीला फोनचा आवाज बंद करता येत नाही तिच्या उशाशी रात्रभर टिंगटिंग चालते. ग्रुपवर सकाळी सातनंतर लिही.

आता पहाटेचं. पहाट सगळ्यांना पवित्र वाटते, म्हणून तिथं चुकायला होत नाही असा तुझा समज असेल. पण पहाटे माणूस जागा असतो म्हणजे रिकामा असतो असं नाही.

५. गवळ्याच्या, भाजीवाल्याच्या, शेतकऱ्याच्या घरी पहाटे फोन नको, नऊ-साडेनऊला कर — पहाटे चारला त्याचे हात कासेला लागलेले असतात, किंवा बेळगावच्या बाजाराला जाणारी भाजी टेम्पोत चढत असते. एकदा दूध घालून आला, न्याहरी झाली, की तोच माणूस अर्धा तास बोलेल. दूध काढताना दिलेला आशीर्वाद कासंडीबाहेर सांडतो.

६. उसाला पाणी पाजणाऱ्या मामाला आधी विचारून ठेव, या आठवड्यात थ्री फेज दिवसा आहे की रात्री — रात्रीची पाळी असेल तर तो पहाटे नुकताच पडलेला असतो, आणि त्याची सकाळ दुपारी बाराला होते.

७. होनग्याच्या, उद्यमबागेच्या कारखान्यात जाणाऱ्याला त्याच्या शिफ्टप्रमाणे कळव — दुसरी शिफ्ट सुटून आलेला माणूस रात्री बाराला जेवत असतो, त्याला तेव्हाचा मेसेज बरा. नाईट शिफ्टवाल्याला मात्र सकाळी दहाला फोन म्हणजे आपल्याला रात्री दोनला. घड्याळ भिंतीवरचं बघू नको, त्याच्या डब्याचं बघ.

८. जवानाला निरोप आदल्या संध्याकाळीच लिहून ठेव, आणि मग त्याच्या फोनची वाट बघ — बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये शिकणाऱ्या रिक्रूटला काय, सरहद्दीवरच्या हवालदाराला काय, फोन हातात यायची वेळ त्याची नसते. फोन हातात आल्यावर पहिलं तुझंच दिसलं पाहिजे. उत्तर आलं नाही म्हणून रुसू नको, आणि "बघितलंस का?" असं तर मुळीच विचारू नको.

९. सकाळी व्हिडिओ कॉल न विचारता लावू नको — अंघोळ नाही, वेणी नाही, मागे भांड्यांचा पसारा. बाई शुभेच्छा ऐकायची सोडून पदर सावरत बसते.

तुझ्या सासूबाईंचं आता सांगते, कारण खरा प्रश्न तोच होता. त्यांचा दिवस मी बघितलाय. साडेपाचला उठणं, सडा, पाणी भरणं, चहा, पूजा, मग डबे. साडेनऊपर्यंत त्यांच्या हाताला उसंत नसते. तू घरात असशील तर सकाळी उठल्या उठल्या पाया पड, एवढं पुरे; तेव्हा भाषण नको. तू माहेरी किंवा पुण्यात असशील, तर पूजा झाल्यावर आणि भाकरीला बसायच्या आधी जो पाव तास असतो, तेव्हा फोन कर. तो चुकला तर दुपारी चारच्या चहाला. आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर औक्षण असतं, ते वाढदिवसाचं खरं स्थान. आपल्या घरांत वाढदिवस केकनं सुरू झाला तो अलीकडे. त्याआधी पाटावर बसवून, कुंकू लावून, ओवाळलं की झाला वाढदिवस, आणि तो दिवेलागणीला. म्हणून सकाळची शुभेच्छा चुकली तरी दिवेलागणीची चुकवू नको.

१०. सासरकडच्या थोरल्या माणसाला मेसेज नंतर, आधी आवाज — लिहिलेलं सगळ्यांना सारखंच दिसतं, आवाजात मान ऐकू येतो. मेसेज पाठवायचाच तर फोन झाल्यावर फोटोसकट पाठव, म्हणजे त्यांना चार जणांना दाखवता येईल.

११. थोरल्या जाऊबाईंच्या आधी धाकट्या जावेला दिवाळीचा फोन नको — फोनमध्ये वेळ नोंदलेली असते, आणि दोघी सकाळी एकाच ओट्याशी उभ्या राहतात. दहा मिनिटांचा फरकही तिथं वर्षभर पुरतो.

१२. वाढदिवस कागदावरचा की खरा, हे आधी विचारून घे — आपल्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा आहे. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकायचे, कारण शाळा जूनमध्ये उघडायची.

त्या १ जूनला बँकेचा, मोबाईल कंपनीचा मेसेज आजीला पहाटेच येतो. तूही तेव्हाच पाठवलास तर तू आणि बँक एकाच रांगेत उभ्या राहता. आजीला विचार, "तुमचा जन्म कधीचा?" ती सांगेल, "नागपंचमीचा." मग पंचांग उघड. नागपंचमी २०२५ ला २९ जुलैला आली. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्या वर्षीची नागपंचमी १७ ऑगस्टला जाते. एकोणीस दिवसांचा फरक. मोबाईलमध्ये जुलैची आठवण लावून ठेवलीस तर तू आषाढातच आजीला ओवाळशील. तिथीची आठवण दर पाडव्याला नव्यानं लावायची, हे आत्ताच वहीत लिहून ठेव.

आणि तिथी म्हटली की बारा वाजता काहीच सुरू होत नाही. आपला दिवस उगवतीला सुरू होतो. सूर्योदयाला जी तिथी असेल तो सहसा त्या दिवसाचा सण. म्हणून—

१३. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा थोरल्यांना रात्री बाराला पाठवू नको, गुढी उभी राहिल्यावर पाठव — पाडव्याची आदली रात्र फाल्गुनातल्या अवसेची. इंग्रजी तारीख बदलली तरी घरातल्या म्हातारीच्या हिशेबानं तू अवसेच्या रात्री नवं वर्ष दिलंस. ती बोलणार नाही, पण मनात ठेवील.

१४. नरकचतुर्दशीला मात्र उगवायच्या आधीची वेळ योग्य आहे — त्या दिवशी अख्खं गाव अंधारात उटणं लावून उठलेलं असतं, पणत्या लागलेल्या असतात. पण अंघोळ आटोपून फराळाला बसल्यावर फोन कर. तेल लागलेल्या हाताला फोन धरवत नाही.

१५. दसऱ्याची शुभेच्छा सकाळी नको, सोनं लुटून आल्यावर — शिलंगणाआधी दसरा म्हणजे नुसती शस्त्रपूजा आणि धावपळ. संध्याकाळी पानं हातात आली की मग घरोघरी जाणं, पाया पडणं. आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे तर बन्नी हातात दिल्याशिवाय शब्दच उच्चारत नाहीत. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण" म्हणतात. लांब असलेल्याला फोनही त्याच वेळी कर.

१६. संक्रांतीचा तिळगूळ राहून गेला तर दुसऱ्या दिवशी घाई करू नको — तो किंक्रांतीचा दिवस, त्या दिवशी शुभ काही करत नाहीत. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, हे दार आपल्या वाडवडिलांनी मुद्दाम उघडं ठेवलंय.

देवांचंच बघ ना. रामाचा जन्म भर दुपारी, मारुतीचा उगवतीला, दत्ताचा संध्याकाळी, कृष्णाचा मध्यरात्री. पाळणा कुणाचा कधी हलवायचा हे आपण नेमकं सांभाळतो, मग माणसांच्या बाबतीत सगळ्यांना एकच बारा का? गोकुळाष्टमीला रात्री बाराला ज्या घरात कीर्तन चालू आहे तिथं निरोप पाठवायला हरकत नाही, घर जागंच असतं.

शेजारधर्माचंही तेच आहे. निपाणीत तुझ्या एका बाजूला लिंगायत घर, समोर मुसलमान, मागे गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब. चारही घरांत सण आहे, चारही घरांचं घड्याळ वेगळं आहे.

१७. रमजान ईदला चंद्र दिसल्याचं कळलं की त्या संध्याकाळी चाँद मुबारक म्हणावं, आणि ईद मुबारक सकाळी नमाज होऊन मंडळी घरी आल्यावर — त्यांचा दिवस सूर्यास्तानंतर सुरू होतो. पहाटे घरातले पुरुष अंघोळ, नवे कपडे, ईदगाहची घाई यात असतात, आणि बायका शीरखुर्म्याच्या पातेल्यापाशी.

१८. नाताळला मात्र रात्री बाराच योग्य — मध्यरात्रीची मिस्सा संपवून ती माणसं बाहेर पडतात तेव्हाच एकमेकांना शुभेच्छा देतात. तिथं तुझा मेसेज बाराला आलेला शोभतो, सकाळी सातचा फोन उलट झोपमोड करतो, कारण घर दोनला झोपलेलं असतं.

आता जरा अवघड जागेवर येते. आपल्या सीमाभागात वेळेचा प्रश्न सगळ्यांत टोकदार कधी होतो, तर १ नोव्हेंबरला. १९५६ साली त्या तारखेला राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. ते राज्य १९७३ ला त्याच तारखेला कर्नाटक झालं. त्यामुळे कन्नड घरांत तो राज्योत्सव आणि कितीतरी मराठी घरांत काळा दिवस. एकाच गल्लीत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. राज्योत्सवाचा जल्लोष बेळगावात चन्नम्मा चौकात आदल्या रात्री बारापासूनच सुरू होतो, आणि ज्या चन्नम्मेच्या नावानं तो चौक, ती मूळची आपल्या काकतीचीच लेक, १७७८ सालची. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी मंडळींची निषेध फेरी निघते.

२०२४ साली यात आणखी एक भर पडली. आपल्या पंचांगानं लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला, शुक्रवारी आलं. आदल्या दिवशी, गुरुवारी ३१ ला, नरकचतुर्दशीची अंघोळ, शनिवारी २ ला पाडवा, रविवारी भाऊबीज. म्हणजे गुरुवारी रात्री बाराला एका फोनवर तीन गोष्टी येऊन थडकणार होत्या: दिवाळी, राज्योत्सव, आणि काळा दिवस. अशा वेळी कुणाला काय कधी पाठवायचं? परत असा योग आला तर लक्षात असावं म्हणून नीट मांडते.

१९. कन्नड शेजाऱ्याला राज्योत्सवाची शुभेच्छा द्यायची असेल तर १ तारखेच्या सकाळी, समोरासमोर, साध्या शब्दांत — सण त्याचा आहे, त्याच्या दारात त्याला आनंदानं हसून भेटण्यात आपलं काही जात नाही. पण ती ग्रुपवर टाकू नको, तिथं दोन्हीकडची माणसं असतात.

२०. ज्या घरी तो दिवस काळा पाळतात, तिथं त्या दिवशी सकाळी दिवाळीचंही गोड चित्र पाठवू नको — घरातला कर्ता फेरीला गेलेला असतो, दंडाला काळी फीत असते. त्याच घरी संध्याकाळी लक्ष्मीपूजन होतंच. दिवेलागणीला पाठव, तेव्हा तो निरोप लक्ष्मीच्या पाटापाशी पोचतो आणि कुणाला टोचत नाही.

२१. कोणाच्या घरी काय पाळतात ते ठाऊक नसेल तर त्या वर्षी १ तारीख सोडून दे आणि २ तारखेला पाडव्याच्या शुभेच्छा दे — पाडवा दोन्ही घरांत आहे, आपला बलिप्रतिपदेचा आणि त्यांचा बलिपाड्यमीचा. एक दिवस उशीर झालेली शुभेच्छा कोणी परत पाठवत नाही.

पाडव्याची एक गंमत लक्षात ठेव. बेळगावात त्या दिवशी गवळी म्हशींना रंगवून, शिंगांना मोरपिसं-गोंडे बांधून पळवतात. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना दुपारी फोन लावू नको, गल्लीत उभा माणूस कानाला फोन लावत नसतो. रात्री जेवण झाल्यावर कर, म्हैस कशी पळाली हे आधी विचार, शुभेच्छा त्यातच पोचते.

परदेशातल्यांचं आता पटकन सांगते, तुझा दीर सिंगापूरला आणि चुलतभाऊ अमेरिकेत आहे म्हणून.

२२. बारा कुणाचे, आपले की त्यांचे, हे आधी ठरव. नेहमी त्यांचे धर — सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास आहे, म्हणजे तिथले बारा आपल्या रात्री साडेनऊला वाजतात. तू जागून बारा वाजवलेस तर तिकडे अडीच झालेले असतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि थंडीत साडेदहा. तू वाढदिवसाच्या पहाटे सहाला भावाला फोन केलास तर त्याच्याकडे उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ, आणि वाढदिवस अजून आलेलाच नाही. त्याला आपल्या संध्याकाळी साडेसहाला कर, तिकडे उन्हाळ्यात सकाळचे नऊ होतात.

२३. दुबईच्या मावसबहिणीला आपल्या सकाळी साडेसहाला फोन नको — तिकडे पाच वाजलेले असतात, दीड तासाचा फरक छोटा वाटतो म्हणूनच विसरायला होतं.

साहेब, गुरुजी, डॉक्टर ही नाती सोपी आहेत, त्यात फार डोकं घालू नको. साहेबांना कामाला लागल्यावर, सकाळी साडेदहा-अकराला, एकच मेसेज. रात्रीचा तर अजिबात नको, कारण त्यांच्या घरचे विचारतात हे कोण. गुरुपौर्णिमेला गुरुजींना पूजा झाल्यावर. डॉक्टरांना दवाखान्याच्या वेळेत फोन नको, बाहेर बसलेला पेशंट तुझ्यामुळे ताटकळतो.

२४. ज्या घरी वर्षभरात कुणी गेलंय तिथं सणाची शुभेच्छा कोणत्याच वेळी नको — त्या घरात त्या वर्षी सण नसतो. पण फोन कर, दुपारी तीन-चारला, जेवणं आटोपून घर शांत झाल्यावर, "कशा आहात, जेवलात का?" एवढंच विचार. सणाच्या दिवशी त्या घराला फोन कमी येतात, म्हणून तुझा यावा.

२५. उशीर झालाच तर कारण सांगत बसू नको, आवाजात सांग — "काल राहूनच गेलं, आज मनापासून" एवढं पुरे. कामाची यादी ऐकून समोरच्याला वाटतं, त्या यादीत आपण शेवटी होतो. वाढदिवस दुसऱ्या दिवशी चालतो, दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत चालते.

२६. विसरशील अशी भीती असेल तर साधा एसएमएस आदल्या रात्रीच लिहून वेळ लावून ठेव — गुगलच्या मेसेजेसमध्ये पाठवायचं बटण दाबून धरलं की तारीख-वेळ विचारतं. पण हे फक्त साहेब आणि लांबच्या ओळखीच्यांसाठी. सासूबाईंना, आजीला, नवऱ्याला घड्याळानं शुभेच्छा पाठवू नको, तिथं तूच जागी हवीस.

तुझ्या नवऱ्याचं राहिलं. त्याच्या वाढदिवसाला रात्री बाराला खुशाल उठव, तो तुझाच हक्क. पण त्याच्या मित्रांना बाराला घरी बोलावून केक कापायचा बेत असेल, तर आधी सासऱ्यांच्या कानावर घाल, दार वाजेल म्हणून सांग आणि फटाके नको म्हण. आणि मित्रांना सांग, मोटारसायकली गल्लीच्या तोंडाशीच बंद करून चालत या. एवढं केलंस तर सासूबाई स्वतः उठून चहा टाकतील बघ. त्या चहाला वेलदोडा घालायला तेवढं विसरू नका म्हणावं.